डायरेक्ट-इनडायरेक्टची सरावपुस्तिका : पाच महिन्यांनंतर

माझी मुलगी सांगलीत मराठी माध्यमात नववीला आहे. जूनमध्ये गणपती पेठेतून इंग्रजी व्याकरणाची ही पुस्तिका आणली. दर वाक्याखाली उत्तराची एक ओळ आणि तिच्याखाली 'का बदललं?' अशी रिकामी जागा. मी घेतली ती या रिकाम्या जागेसाठीच.

आपल्याकडे 'तो म्हणाला की मी आजारी आहे' असं सरळ चालतं. 'की' आला तरी बोलणाऱ्याचा 'मी' आणि 'आहे' जागचे हलत नाहीत. त्यामुळे लेक इंग्रजीतही 'ही सेड दॅट आय अ‍ॅम इल' लिहायची. तिथे 'आय' म्हणजे सांगणारा, म्हणजे आजारी तीच झाली! हे कारण स्वतःच्या हाताने लिहिल्यावर तिला पटलं.

एक वाक्य पूर्ण सांगते. राजू सेड टू मी, "आय विल रिटर्न युअर बुक टुमारो." उत्तर : राजू टोल्ड मी दॅट ही वुड रिटर्न माय बुक द नेक्स्ट डे. तिची कारणं अशी : बोलणारा राजू, म्हणून 'आय'चा 'ही'. ऐकणारी मी, म्हणून 'युअर'चं 'माय'. 'सेड' भूतकाळी, म्हणून 'विल'चं 'वुड'. आणि राजूचा उद्या हा त्या दिवसापासून मोजायचा, आजपासून नाही.

कारणांमुळे चूक कशी पकडली जाते ते ऑगस्टमध्ये कळलं. एका पानावरची सगळी उत्तरं बरोबर होती, पण सर्वनामाचं कारण दर वेळी 'आयचा ही होतो' एवढंच. पुढच्या पानावर मीना बोलत होती आणि तिथेही 'ही'च! नुसती उत्तरं तपासली असती तर आदल्या पानाला पूर्ण गुण देऊन मी मोकळी झाले असते. आता मी कारणाची ओळ आधी वाचते.

उणीव मात्र मोठी आहे. वाक्य कोणी, कुणाला, कधी पुन्हा सांगितलं हे पुस्तिका देत नाही, आणि पुस्तिकेच्या शेवटी छापलेल्या उत्तरांत 'टुमारो'चं सगळीकडे 'द नेक्स्ट डे'च. इस्लामपूरहून मामाचा सकाळी फोन आला, "मी उद्या येतो." लेकीने संध्याकाळी मला तेच इंग्रजीत सांगितलं, तर 'मामा सेड ही वुड कम टुमारो' हेच बरोबर. उद्या अजून उद्याच आहे ना! तिने विचारलं, "आई, मग पुस्तकातलं चूक का?" चूक नाही, पण पुस्तकाने दिवस उलटून गेल्याचं गृहीत धरलंय आणि ते लिहिलेलं नाही.

त्या उत्तरांत शेवटच्या धड्यांसाठी तर छापील कारणांच्या जागी नुसतं 'नियमानुसार' आहे. 'द अर्थ मूव्हज राउंड द सन'मध्ये काळ का बदलला नाही, तर म्हणे नियमानुसार. पृथ्वी आजही फिरतेय, एवढं लिहायला काय हरकत होती?

आता आम्ही प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहितो : कोण, कुणाला, केव्हा सांगतंय. मगच उत्तर.