मुलाखत व्हिडिओवर हलवल्याचा खोटा निरोप : माझ्या भाचीची झालेली फसवणूक

माझी भाची गोव्यातील डिचोलीची. रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतल्यानंतर वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागातील पदासाठी तिची प्रत्यक्ष मुलाखत ठरली होती. शुक्रवारी सकाळी ११ वाजता, कंपनीच्या आवारात, मूळ प्रमाणपत्रांसह हजर राहावे, असे तिला ईमेलने कळवण्यात आले होते. आदल्या संध्याकाळी तिला त्या मुलाखतीच्या बदलाचा एक निरोप आला आणि शुक्रवारी दुपारपर्यंत तिच्या खात्यातून ४८,६०० रुपये गेले. शिवाय खरी मुलाखतही चुकली. मी स्वतः कुंडईच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करतो. उमेदवारांना मुलाखतीची पत्रे पाठवणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे हा प्रकार नेमका कुठे खरा वाटतो आणि कुठे उघडा पडतो, हे मी तपशिलाने लिहीत आहे.

गुरुवारी संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास तिला व्हॉट्सॲपवर संदेश आला. प्रोफाइलवर कंपनीचे बोधचिन्ह होते. मुलाखत मंडळातील एक वरिष्ठ अधिकारी हैदराबादच्या कारखान्यात अडकले असल्यामुळे उद्याची मुलाखत प्रत्यक्ष न होता व्हिडिओवर होईल, वेळ ११ ऐवजी सकाळी ९.१५ असेल, आणि सोबतच्या लिंकवर दहा मिनिटे आधी हजर राहावे, असा मजकूर होता. पद, विभाग, शुक्रवार आणि वेर्णा हे सारे तपशील अचूक होते. ते त्या लोकांना कसे मिळाले, याचे खात्रीलायक उत्तर आमच्याकडे नाही. मात्र आठवडाभर आधी तिने नोकऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटात, या मुलाखतीत साधारण काय विचारतात, अशी चौकशी केली होती, आणि त्या गटात तिला न ओळखणारे शेकडो लोक होते.

हे कारण अविश्वसनीय नव्हते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. मंडळातील एखादा अधिकारी बाहेरगावी असला की आम्हीही मुलाखत व्हिडिओवर घेतो, आणि कधी कधी आदल्या दिवशीच कळवतो. डिचोलीहून दोन बस बदलून वेर्ण्याला जायचे, त्यातही पावसाचे दिवस. अशा वेळी घरून मुलाखत देता येईल हे कळल्यावर कोणत्याही मुलीला हायसेच वाटेल. म्हणून तिच्या भोळेपणावर बोट ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. संशय घ्यायचा होता तो कारणावर नव्हे, तर नव्या वेळेवर, निरोप आलेल्या वाटेवर आणि लिंकवर.

वेळेपासून सुरुवात करतो. निरोप कार्यालय सुटल्यानंतर आला आणि मुलाखत कार्यालय पुरते सुरू होण्याआधी ठेवली. त्या अवधीत कंपनीच्या क्रमांकावर फोन केला असता, तरी मनुष्यबळ विभागातील कोणी भेटले नसते. मात्र औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचे गेट चोवीस तास सुरू असते, आणि येणाऱ्या उमेदवारांची यादी गेट पाससाठी आदल्या दिवशीच सुरक्षारक्षकाकडे दिलेली असते. मुलाखत खरोखर हलवली की आम्ही आधी ते नाव त्या यादीतून काढायला सांगतो. त्यामुळे मूळ पत्रातील किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन करून गेटला जोडून घ्यावे आणि उद्याच्या यादीत आपले नाव आहे का, एवढे विचारावे. नाव असेल, तर बदलाचा निरोप संशयास्पद मानून खऱ्या ठिकाणी जाण्याची तयारी ठेवावी.

दुसरी खूण तिच्या फोनमध्येच होती. मूळ ईमेलसोबत कॅलेंडरचे निमंत्रण आले होते आणि तिने ते स्वीकारले होते. निमंत्रण पाठवणाऱ्याने वेळ किंवा ठिकाण बदलले की तीच नोंद बदलते, आणि बदलाची सूचना त्याच पत्त्यावरून येते. इथे मात्र ११ वाजताची नोंद जशीच्या तशी होती आणि ९.१५ ची एक नवी नोंद वेगळ्याच आयोजकाच्या नावाने वर बसली होती. व्हॉट्सॲपनंतर आलेल्या ईमेलचेही तसेच होते. वर कंपनीचे नाव दिसत होते, पण त्या नावावर बोट ठेवल्यावर खाली उघडलेला पत्ता कोणालाही फुकट काढता येणारा जीमेलचा होता. ते ईमेल जुन्या पत्रव्यवहाराला उत्तर म्हणून आलेले नव्हते, स्वतंत्रपणे आलेले होते. खरा बदल साधारणपणे जुन्या ईमेलच्याच मालिकेत येतो, कारण पाठवणाऱ्याला आधीचे पत्र पुन्हा लिहिण्याचा त्रास नको असतो.

आता लिंक. तिच्या सुरुवातीला meet.google.com-hrpanel असे लिहिलेले होते. गूगल मीटच्या खऱ्या लिंकमध्ये meet.google.com नंतर लगेच तिरकी रेघ येते आणि पुढे तीन, चार आणि तीन इंग्रजी अक्षरांचे गट असतात. इथे com नंतर आडवी रेघ होती, म्हणजे तो पत्ता गूगलचा नव्हताच. पुढच्या शब्दांच्या नावाने कोणीतरी नोंदवलेले ते वेगळेच संकेतस्थळ होते. फोनच्या अरुंद पडद्यावर पत्त्याचा पहिला भागच दिसतो, आणि नाव त्या हिशेबानेच रचलेले होते.

लिंक उघडल्यावर मुलाखत सुरू झाली नाही. ‘इंटरव्ह्यू रूम’ नावाचे ॲप उतरवून घ्या, अशी सूचना आली. ते प्ले स्टोअरवर नव्हते, तर .apk ही फाइल थेट फोनमध्ये उतरली. फोनने धोक्याचा इशारा दिला, तेव्हा हे कंपनीचे अंतर्गत ॲप असल्यामुळे असा इशारा येतो, असे व्हॉट्सॲपवरून लगेच समजावण्यात आले. पुढे ॲपने एसएमएस वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली. एसएमएसची परवानगी मिळाली की येणारा ओटीपी त्यांच्याकडे पोचतो, आणि ॲक्सेसिबिलिटी मिळाली की पडद्यावर काय दिसते आहे हे त्यांना वाचता येते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबता येतात. चेहरा दिसण्यासाठी कॅमेरा आणि आवाजासाठी माइक, याखेरीज मुलाखतीला फोनमधले दुसरे काहीही लागत नाही.

मुलाखत घेणारा माणूस कॅमेरा बंद ठेवून बोलत होता, पण प्रश्न नीट विचारत होता. एचपीएलसी या तपासणी यंत्रावर नमुना तपासताना निकाल मर्यादेबाहेर गेला तर पहिली चौकशी कशाची करायची, असा प्रश्न त्याने विचारल्याचे भाचीने सांगितले. त्याने तिचे उरलेसुरले शंकेचे कारण संपवले. वीसेक मिनिटांनी तो म्हणाला, की तुमची निवड जवळपास निश्चित आहे, पगार जमा होणाऱ्या खात्याची पडताळणी आताच करून घेऊ. त्याच ॲपमध्ये बँकांची यादी उघडली. तिने आपली बँक निवडून नेट बँकिंगचे नाव आणि पासवर्ड भरला. पडताळणी सुरू असल्याचे एक चक्र फिरू लागले आणि तेवढ्यात तिला अर्ध्या तासाची लेखी परीक्षा देण्यात आली. उत्तरे कागदावर लिहायची, फोन समोर उभा ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही, लावल्यास गैरप्रकार समजला जाईल, अशी ताकीद होती. त्या अर्ध्या तासात २५,००० आणि २३,६०० अशा दोन रकमा बाहेर गेल्या. बँकेचे संदेश येत होते, पण ॲप ते पडद्यावर दिसू देत नव्हते, आणि मुलगी मान खाली घालून उत्तरे लिहीत होती. हा भाग ऐकताना मला फार संताप आला. मुलाखतीला बसलेल्या उमेदवाराची शिस्तच त्यांनी तिच्याविरुद्ध वापरली.

साडेअकराच्या पुढे खऱ्या कंपनीतून फोन आला, की आपण मुलाखतीला का आला नाहीत. तेव्हा हा प्रकार उघड झाला. तिने लगेच मला फोन केला, तोही त्याच फोनवरून, म्हणून मी तिला आधी तो विमान मोडवर टाकायला आणि पुढचे सारे आईच्या फोनवरून करायला सांगितले. तसा फोन चालू राहिला, तर बँकेने पाठवलेला प्रत्येक नवा ओटीपी पुन्हा त्यांच्याच हाती जातो. तिच्या आईच्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग बंद केले आणि लगोलग १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि यूटीआर क्रमांक विचारतात. यूटीआर हा प्रत्येक व्यवहाराचा स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो बँकेकडून मागून घेता येतो. त्याच्या आधारे पैसा कोणत्या खात्यात गेला हे शोधून ते खाते गोठवता येते. मात्र पैसे तिथून पुढे सरकण्याआधी हे व्हावे लागते. आमच्या बाबतीत २३,६०० रुपये गोठवले गेले. पहिली रक्कम तोवर काढून घेतलेली होती.

ॲप लगेच काढून टाकण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. आम्ही दुसऱ्या फोनने ॲपचे नाव, लिंक, संदेश आणि क्रमांक यांची छायाचित्रे घेतली, तीच cybercrime.gov.in या संकेतस्थळावरील तक्रारीला जोडली आणि रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात दाखवली. फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू केला तो त्यानंतरच. ॲक्सेसिबिलिटी मिळालेले ॲप साध्या रीतीने काढू गेल्यास पडदा स्वतःच मागे नेते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. त्यामुळे नुसते ॲप काढल्यावर विसंबू नये.

बँकेच्या जबाबदारीबद्दल रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आम्हाला दाखवण्यात आले. ग्राहकाने स्वतः पासवर्ड दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर जो अनधिकृत व्यवहार होईल त्याचा भार बँकेवर, असे त्यात आहे. म्हणून तक्रार केल्याची वेळ आणि क्रमांक लेखी घ्यावा. आम्ही तो घेतला, आणि संध्याकाळी त्याच खात्यातून आणखी एक रक्कम काढण्याचा प्रयत्न झाला तेव्हा बँकेने तो रोखला.

खऱ्या कंपनीने सर्व ऐकून घेऊन तिला पुढच्या आठवड्यातील वेळ दिली, यासाठी मी त्यांचा आभारी आहे. पण मुळात अशा पत्रांतच, मुलाखतीचे स्वरूप बदलल्यास ते याच ईमेलला उत्तर म्हणून कळवले जाईल, व्हॉट्सॲपवर नाही, आणि कोणतेही ॲप उतरवण्यास सांगितले जाणार नाही, असे लिहिलेले असायला हवे. आमच्या कारखान्याच्या पत्रात मी ते वाक्य घातले आहे, आणि त्याखाली गेटचा क्रमांकही दिला आहे. गोठवलेले २३,६०० रुपये अजून त्या खात्यातच आहेत. ते परत मिळवण्यासाठी पोलिसांच्या अहवालासह अर्ज करावा लागतो, आणि तो आम्ही केला आहे.