सोनं-चांदी रेशो बघून अदलाबदल करायची, की ठरलेलं प्रमाण धरून बसायचं?

आमच्या इंदूरच्या सराफ्यात रात्री दागिन्यांच्या दुकानांची शटरं पडतात आणि त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याच्या किसाची कढई चढते, त्या मधल्या अर्ध्या तासात जे सल्ले मिळतात त्यातला एक ठरलेला, "रेशो नव्वदच्या वर गेला की सोनं द्या, चांदी घ्या." परवा भाच्याने हेच विचारलं. मी हे करून बसलोय, म्हणून लिहितो.

रेशो म्हणजे एक ग्रॅम सोन्यात किती ग्रॅम चांदी येते, बस. आपल्याकडे सोन्याचा भाव 10 ग्रॅमचा आणि चांदीचा किलोचा असतो, त्यामुळे सोन्याच्या भावाला शंभराने गुणून चांदीच्या भावाने भागायचं. जुलै 2019 मध्ये तो 93 च्या आसपास होता. मला वाटलं, झालं, चांदी स्वस्त आहे. घरातलं 20 ग्रॅमचं नाणं दिलं आणि चांदी घेतली.

कागदावर हिशोब 1860 ग्रॅमचा. पण दुकानदाराने माझं सोनं घेताना 2 टक्के कापले, चांदीवर 3 टक्के जीएसटी लागला, हातात आली 1770. मार्च 2020 मध्ये रेशो 120 च्याही वर गेला, तेव्हा मी घरी कोणाला काही बोललो नाही. ऑगस्टमध्ये चांदी उसळली, रेशो 72 वर आला, मी खुशीत वीट घेऊन गेलो. त्या दुकानदाराने आधी टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढला, मग म्हणाला, "साहेब, चांदीवर 4 टक्के कटौती." बरं, आणि मी सोनं विकत घेताना पुन्हा 3 टक्के जीएसटी. शेवटी आलं 22.9 ग्रॅम. कागदावर 25.8 यायला हवं होतं! म्हणजे रेशो अगदी माझ्या मनासारखा फिरला तरी जवळपास सहा ग्रॅमच्या फायद्यातला अर्धा रस्त्यात गळाला. उलटा हिशोब केला तर नुसतं बरोबरीत यायलाच रेशो 93 चा साडेब्याऐंशीवर यावा लागत होता. तुमच्याकडे कटौती कमी असेल तर गणित थोडं बरं दिसेल, पण माझं मन तिथेच उडालं.

आणि मी तरी नशीबवान. ज्याने 2018 मध्ये 80 ला "खूप झालं" म्हणून बदली केली असेल त्याला याच कटौतीने 71 पर्यंत थांबावं लागलं असतं, म्हणजे मधे 120 बघून, दोन वर्षं काढून, फायदा शून्य. जास्त म्हणजे किती जास्त, हे रेशो सांगतच नाही.

दुसरं म्हणजे कोण हललं हेही तो सांगत नाही. मार्च 2020 मध्ये सोनंही पडत होतं, चांदी त्याहून जोरात पडली, कारण तिची निम्म्याहून जास्त मागणी कारखान्यांची आहे आणि कारखाने बंद. 2022 ते 2024 मध्ये उलट, देशोदेशींच्या मध्यवर्ती बँका वर्षाला हजार टनांवर सोनं घेत होत्या, चांदी नाही. दोन्ही वेळा रेशोला वर ढकलणारं कारण वेगळं, आकडा मात्र तसाच दिसतो. त्यात आपल्या स्थानिक भावावरून रेशो काढलात तर आयात ड्युटीचा घोळ वेगळा. 1 जुलै 2022 ला सोन्यावरची ड्युटी 15 टक्के झाली, चांदीची 2023 च्या बजेटपर्यंत 10.75 च राहिली, तर जगात काही न हलता आपला रेशो जवळपास 4 टक्क्यांनी फुगला. कोणी तेव्हा तो सिग्नल समजला असेल तर बिचारा.

आता दुसरा रस्ता, जो मी धरलाय. किमतीने 75 टक्के सोनं, 25 टक्के चांदी. दिवाळीनंतर एकदा बघायचं, चांदी 30 च्या वर गेली तर थोडी कमी करायची, 20 च्या खाली आली तर वाढवायची. गंमत म्हणजे चांदी महाग झाली की विकणं इथेही होतंच, फक्त 80 की 90 हा वाद नाही. नवीन पैसे मी ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारख्या विकत मिळणाऱ्या सोन्या-चांदीच्या फंडांत घालतो, तिथे टंच-कटौती नाही. पण तेही सोवळं नाही हं, ऑक्टोबर 2025 मध्ये चांदीचा इतका तुटवडा झाला की युनिट आतल्या चांदीपेक्षा महाग विकली जात होती आणि काही फंडांनी एकरकमी पैसे घेणं थांबवलं. अशा वेळी मी थांबतो.

ज्याला रोज भाव बघायची हौस आहे आणि सगळं डिमॅटमध्ये आहे त्याला अदलाबदल जमेलही, मी नाही म्हणत नाही. पण कपाटात वीट आणि नाणी असतील तर माझं ऐका, विकूच नका. दिवाळीला जे नवीन घ्याल ते जी बाजू कमी पडलीय तिकडचं घ्या. यंदा आमच्याकडे सोन्याची बाजू कमी आहे, म्हणून बायकोला चांदीच्या समईऐवजी सोन्याची अंगठी मिळतेय आणि तिची या पद्धतीबद्दल काही तक्रार नाही.