बिनव्याजी हप्त्यांचा फ्रिज आम्हाला 41 टक्के व्याजाने पडला

दसऱ्याच्या ऑफरमध्ये आम्ही नाशिकच्या एका दुकानातून फ्रिज घेतला. किंमत 36,000, बारा हप्ते, व्याज शून्य. त्यातले चार हप्ते आगाऊ, म्हणजे 12,000 जागेवर भरायचे, बाकीचे आठ दरमहा 3,000 प्रमाणे खात्यातून कापले जाणार. फायनान्सवाला मुलगा दुकानातच टेबल टाकून बसला होता. ओटीपी घेतला आणि कर्ज मंजूर झालं. मग पावती हातात आली, त्यात फाइल चार्ज 700 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 826 रुपये जास्तीचे. याबद्दल तोवर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

पण मोठा फटका वेगळाच होता. शेजारच्या वहिनींनी त्याच दुकानातून, त्याच ऑफरमध्ये, तेच मॉडेल रोखीने 33,500 ला आणलं. मी भाव विचारला तेव्हा मात्र "ताई, कंपनीचा फिक्स रेट आहे, एक रुपया कमी होणार नाही" असं तोंडावर सांगितलं होतं. मला याचाच सर्वात जास्त राग आहे.

फायनान्स कंपनी फुकट पैसे देत नाही. तिचं व्याज दुकानदार किंवा उत्पादक भरतो आणि ते आपल्याला मिळू शकणाऱ्या सुटीतून वळतं होतं. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली होती, ती याच लपवाछपवीमुळे.

आता हिशोब बघा. फ्रिजची खरी किंमत 33,500. पहिल्याच दिवशी आम्ही 12,826 दिले. म्हणजे उधारी झाली फक्त 20,674 ची आणि तिच्यापोटी फेडायचे 24,000. वर गेले 3,326, तेही आठच महिन्यांत, आणि मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना. एक्सेलमध्ये हे टाकून पाहा:

```
=RATE(8,-3000,20674)*12
```

उत्तर येतं सुमारे 41 टक्के. बँकेचं साधं पर्सनल लोनसुद्धा बहुतेकांना याच्या निम्म्याहून कमी दराने मिळतं.

ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जाबरोबर की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं, त्यात एपीआर म्हणजे शुल्कासकट वार्षिक दर असतो. सही करण्याआधी तो मागून घ्या, पण त्यावर विसंबू नका. आमच्या व्यवहारात तो साडेनऊच्या आसपास भरतो, कारण त्यात फाइल चार्ज धरतात, बुडालेली सूट धरत नाहीत.

म्हणून दुकानात गेल्यावर हप्त्यांचं नाव आधी काढूच नका. "आत्ता पूर्ण पैसे दिले तर शेवटचा भाव काय?" एवढंच विचारा आणि तो आकडा कोटेशनवर लिहून घ्या. हप्त्यांचा विषय त्यानंतर. फाइल चार्ज, विमा, वाढीव वॉरंटी, हप्त्यांच्या कार्डाची फी, सगळं धरून एकूण किती भरायचं ते विचारा आणि त्यातून कोटेशनवरचा आकडा वजा करा. जे उरेल ते तुमचं व्याज.