घोळणा फुटला: रक्त पुढून की मागून?

मुलाचा घोळणा फुटला की चिमटीत नाक धरून बसायचं, की दवाखाना गाठायचा, असं एका मैत्रिणीनं विचारलं. उत्तर रक्त कुठून येतंय त्यावर आहे.

रक्तपुरवठा: नाकाच्या मधल्या पडद्याचा पुढचा भाग म्हणजे चार-पाच धमन्यांचा संगम. काही फांद्या डोळ्याकडून, काही टाळू आणि वरच्या ओठाकडून येतात आणि पातळ त्वचेखाली जाळं विणतात. आत घेतलेली कोरडी हवा आधी इथेच आदळते, बोटाचं नखही इथेच पोहोचतं. खपली धरते, निघते, जाळं उघडं पडतं. म्हणून दहातले नऊ घोळणे इथलेच. मागे असं जाळं उथळ नसतं. तिथे फुटते ती जाड फांदी, बहुधा उतारवयात.

ओळख: पुढचं रक्त एका नाकपुडीतून ठिबकतं. मागचं पुढे वाकूनही घशात उतरत राहतं.

थांबवणं: पुढचं हाती लागतं. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग सलग 10-15 मिनिटं दाबा, मध्ये उघडून पाहू नका. वरचं हाड दाबून काही होत नाही. मागे बोट पोहोचतच नाही.

मुलाला ठिबक असेल तर चिमूट पुरते. घशात धार लागली, किंवा नीट दाबूनही थांबेना, तर लगेच रुग्णालय.