गुणपत्रिकेचा फोटो आणि जर्मन भाषांतर: ॲप आठ महिने वापरल्यावर

मी पुण्यात इंग्रजी-मराठीतून जर्मनमध्ये भाषांतरं करते. गेली काही वर्षं निम्म्याहून जास्त काम जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलांच्या गुणपत्रिकांचं आणि पदवी प्रमाणपत्रांचं असतं. आठ महिन्यांपूर्वी फोटोवरून मजकूर उचलून भाषांतर करणाऱ्या एका ॲपचं वर्षाचं सदस्यत्व घेतलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या जातीच्या बहुतेक ॲपना लागू पडेल.

आधी चांगलं. विषयांची नावं, महिने, आसनक्रमांक, सहीखालचं पदनाम हे सगळं टंकायला पूर्वी एका गुणपत्रिकेला पाऊण तास जायचा, तो आता पंधरा मिनिटांवर आला. तक्त्यातले रकाने बहुधा जागच्या जागी येतात. स्वतःचा शब्दसंग्रह भरून ठेवायची सोय आहे आणि पैसे खरे तर त्याचेच वसूल झाले.

पण गुणपत्रिकेत भाषांतरापेक्षा समजावून सांगण्याचं काम जास्त असतं, आणि तिथे ॲप सपशेल पडतं. पहिल्याच आठवड्यात ‘प्रथम श्रेणी’चं त्याने ‘एर्स्टे क्लासे’ केलं. जर्मन माणसाला यावरून एक तर आगगाडीचा पहिल्या वर्गाचा डबा आठवेल, नाही तर प्राथमिक शाळेतली पहिली इयत्ता. बी.ई. झालेला मुलगा पहिलीत उत्तीर्ण! ‘डिस्टिंक्शन’चं तर ‘फरक’ या अर्थाच्या शब्दात रूपांतर झालं होतं. तिथे ‘मिट आउसत्साइशनुंग’ म्हणजे ‘विशेष प्रावीण्यासह’ म्हणावं असं कुणालाही सुचेल, मलाही सुचलं होतं, पण तेही फसवं आहे. जर्मनीत तो शेरा अगदी मोजक्या मुलांना मिळतो. आपल्याकडे दहावीच्या बोर्डात ७५ टक्क्यांना विशेष योग्यता मिळते आणि एका वर्गात अशी दहा-वीस मुलं सहज निघतात.

म्हणून मी आता श्रेणीचा शब्द मूळ लिपीतून रोमनमध्ये आहे तसा ठेवते आणि खाली भाषांतरकाराची टीप देते की अमुक टक्क्यांपासून अमुक टक्क्यांपर्यंत ही श्रेणी दिली जाते. टीप प्रत्येक कागदाला वेगळी लागते. बोर्डाच्या गुणपत्रिकेत द्वितीय श्रेणी ४५ पासून सुरू होते, तर पदवीला अनेक ठिकाणी ५० पासून, आणि मध्ये ५५ ते ६० ची ‘उच्च द्वितीय श्रेणी’ असते. शब्दसंग्रहात ‘द्वितीय श्रेणी’ला एकच टीप चिकटवून ठेवली की एकाच मुलाच्या दोन कागदांपैकी एक चुकणारच. माझा चुकला होता. प्रत पाठवायच्या आदल्या रात्री लक्षात आलं.

सगळ्यात जास्त वेळ ज्यात गेला ते एक प्रकरण सविस्तर सांगते. मुलगा दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला बी.ई.ला गेलेला. सीजीपीए ७.६, श्रेणी प्रथम. व्हॉट्सॲपवर फोटो आले ते सगळे पुढच्या बाजूचे. ॲपने ‘पदविका’चं केलं ‘डिप्लोम’.

इथे थांबायला हवं. आपल्या कानाला पदविका, डिप्लोमा आणि डिप्लोम एकच वाटतं. जर्मनीत मात्र बॅचलर-मास्टर पद्धत रुळण्याआधी ‘डिप्लोम’ ही विद्यापीठातली साधारण पाच वर्षांची पूर्ण पदवी होती आणि विद्यापीठातलं ते डिप्लोम आजही मास्टरच्या तोडीचं धरतात. म्हणजे दहावीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम ॲपने एका शब्दात मास्टरपर्यंत नेऊन बसवला. शिवाय न मिळवलेली शैक्षणिक पदवी तिथे मिरवणं हा दंडसंहितेतला गुन्हा आहे. भाषांतरामुळे कुणी तुरुंगात जाणार नाही, पण तपासणाऱ्याच्या मनात शंका आली की ती मुलाच्या फाइलवर येते, ॲपवर नाही.

उलट चूक पदवी प्रमाणपत्रावर झाली. मराठी बाजूवरचं ‘अभियांत्रिकी स्नातक’ ॲपने ‘अभियांत्रिकीचा पदवीधर’ असं नेलं, म्हणजे पदवीचं नाव गेलं आणि माणसाचं वर्णन उरलं. त्याच चालीवर ‘वाणिज्य स्नातक’चा व्यापारी होतो आणि ‘विद्यावाचस्पती’चं तर काहीही होऊ शकतं. माझा नियम आता साधा आहे: पदवीचं नाव मूळ स्वरूपात ठेवायचं, त्याच प्रमाणपत्राच्या इंग्रजी बाजूवर जे छापलंय ते त्यालगत द्यायचं आणि टिपेत शब्दशः अर्थ, अभ्यासक्रमाची मुदत आणि प्रवेशाची पात्रता लिहायची. पदविकेला ‘दहावीनंतर, तीन वर्षं, सहा सत्रं’ एवढं लिहिलं की वाचणारा आपल्या तक्त्यात ती बरोबर जागी ठेवतो. ही पदवी जर्मनीतल्या कशाच्या बरोबरीची, हे आपण लिहायचं नाही. ते ठरवणारे तिकडे बसलेले आहेत. या मुलाच्या बी.ई.च्या गुणपत्रिका तिसऱ्या सत्रापासून सुरू होत होत्या. पहिली दोन सत्रं हरवली नसून पदविकेमुळे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला आहे, हेही टिपेत आलं, कारण प्रवेशाचा प्रकार कागदावर छापलेला होता. छापलेला नसता तर मी लिहिलं नसतं, मुलाने स्वतःच्या अर्जात लिहायला हवं होतं.

मग आला ७.६ चा प्रश्न. जर्मन गुणपद्धतीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. त्यामुळे नुसता ७.६ हा आकडा तिथल्या माणसाला काहीच सांगत नाही.

“मॅडम, तुम्हीच जर्मन ग्रेड काढून लिहा ना,” मुलगा म्हणाला.

“अरे, ते मी लिहिलं तर भाषांतर राहत नाही. पण तुला काढून दाखवते.”

तिकडे बहुतेक ठिकाणी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात:

```
N = 1 + 3 × (Nmax − Nd) / (Nmax − Nmin)
```

`Nmax` म्हणजे कमाल गुण, `Nmin` म्हणजे उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे किमान गुण आणि `Nd` म्हणजे मिळालेले. दहाच्या मापात कमाल १० आणि पासाची श्रेणी ४ धरली तर १० वजा ७.६ म्हणजे २.४. त्याला ६ ने भागून ३ ने गुणलं की १.२, त्यात १ मिळवला की २.२. पण पासाची मर्यादा ५ धरली गेली तर तोच मुलगा २.४४ वर येतो. आणि त्याने आधीच टक्के काढून लिहिले असते तर? तांत्रिक अभ्यासक्रमांत सर्रास चालणारं सूत्र म्हणजे सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणायचं. त्याने ६८.५ टक्के येतात. कमाल १००, किमान ४० धरून तेच गणित केलं की २.५७५. कितीतरी मास्टर अभ्यासक्रमांची पात्रता २.५ वर तुटते. गुण तेच, मुलगा तोच, पण पासाची मर्यादा चुकली की आकडा घसरतो आणि मध्ये टक्क्यांचा वळसा घेतला की दारातून बाहेर होतो.

म्हणून भाषांतरात ७.६ हा ७.६ च राहिला. टीप अशी: माप ० ते १०, कमाल १०, उत्तीर्णतेची किमान श्रेणी ‘पी’ म्हणजे ४, आधार गुणपत्रिकेची मागची बाजू. पण ती मागची बाजू फोटोत होतीच कुठे? श्रेणींचा तक्ता जवळजवळ नेहमी मागे छापलेला असतो आणि फोटो पाठवताना कुणी कागद उलटत नाही. ॲपही विचारत नाही. ‘मागची बाजू जोडा’ एवढी एक ओळ त्याने दाखवली असती तर मी आणखी एक तारा दिला असता. सध्या मीच पहिल्या निरोपात लिहिते: दोन्ही बाजू, लॅमिनेशनवर उजेड पडू न देता, चारही कोपरे दिसतील असे. मागे तक्ता नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून कमाल गुण आणि पासाची मर्यादा लिहिलेलं पत्र आणायला सांगते. मी इंटरनेटवर शोधून टिपेत घातलेल्या आकड्यापेक्षा शिक्क्याचं पत्र केव्हाही बरं.

आता वाचनातल्या चुका. सर्वोच्च श्रेणी ‘ओ’ असते, तिला दहा गुण. ॲप तिला शून्य वाचतं. दर वेळी नाही, पाच-सात वेळांतून एकदा, आणि म्हणूनच घातक. आऊटस्टँडिंग मिळवलेल्या मुलीच्या प्रयोगशाळेच्या विषयापुढे शून्य! श्रेणीच्या रकान्यात आकडा दिसला की मी मूळ फोटो उघडते. गैरहजेरीची खूण इंग्रजी ‘एबी’ तशीच राहिली तर जर्मन वाचकाला तो ‘पासून’ या अर्थाचा शब्द वाटतो. ‘एटीकेटी’ला तर ॲप हातच लावत नाही. राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जायची मुभा, हे एका वाक्यात लिहावं लागतं, आणि पुढे ते विषय कधी सुटले ते त्या-त्या गुणपत्रिकेवरून दाखवावं लागतं. आपल्याकडे ‘दोन केटी होत्या’ म्हटलं की संपलं. तिथे तो शब्द नापासाचा शेरा वाटू शकतो.

सगळ्यात जास्त राग आला तो ‘फोटो स्वच्छ करा’ या सोयीचा. आपोआप चालू असते आणि पार्श्वभूमी पांढरी करताना गुणांशेजारची फुली, तारा, ग्रेसचं चिन्ह धूळ समजून पुसून टाकते. चिन्ह मूळ कागदावर आहे आणि भाषांतरात नाही, म्हणजे प्रत अपुरी. एकदा एका वडिलांनी फोनवर म्हटलंही, “ताई, पुसलं गेलं तर बरंच की, ग्रेसचं कशाला दाखवायचं?” मी चिन्ह परत घातलं. ती सोय बंद करायचं बटण सेटिंगमध्ये तिसऱ्या पानावर लपवलंय.

आकडे तपासायला बोर्डाच्या गुणपत्रिकेवरचा अक्षरी रकाना कामी येतो. आकडा आणि अक्षरं दोन्ही ॲपने वाचलेली असतात. दोन्ही एकाच चुकीने चुकत नाहीत, म्हणून ती जुळवून पाहायची आणि मग बेरीज करायची. ६८ चे ६३ झालेले अशाने तीनदा सापडले. सत्राच्या गुणपत्रिकेला अक्षरी रकाना नसेल तर श्रेयांक गुणिले श्रेणीगुण यांची बेरीज एकूण श्रेयांकांनी भागून त्या सत्राचा एसजीपीए स्वतः काढते. उत्तर छापलेल्याशी जुळलं नाही तर कुठेतरी ‘ओ’चा शून्य झालेला असतो.

पाचपैकी साडेतीन तारे. टंकनाचा वेळ वाचतो म्हणून सदस्यत्व पुढच्या वर्षी चालू ठेवणार आहे. शब्दसंग्रहातून मात्र श्रेणींचे आणि पदव्यांचे सगळे शब्द मी काढून टाकलेत, ती जागा आता मुद्दाम रिकामी येते आणि मी कागद बघून हाताने भरते. त्या मुलाची फाइल पाठवून झाली. मागच्या बाजूचे फोटो आले तेव्हा त्यातल्या एकावर श्रेणींच्या तक्त्याशेजारी पेनाने कुणाचा तरी मोबाइल नंबर लिहिलेला होता. ॲपने तोही इमानदारीत तक्त्यात घातला होता.