थांब्याचा शेवट कोरा असेल तर: सरासरी भरावी की काउंटर बघावा?

डाउनटाइमच्या लॉगमध्ये कोरे रकाने बरेच असतात, पण अहवालातली सरासरी बिघडवतो तो मुख्यतः एकच: मशीन पुन्हा सुरू झाल्याची वेळ. कारण लिहिलेलं नसेल तर मिनिटं तरी हातात राहतात. शेवटच नसेल तर तो थांबा किती मिनिटांचा धरायचा, हे अहवाल करणाऱ्याला ठरवावं लागतं. ही तुलना तेवढ्यापुरतीच आहे.

हिशेबासाठी एका प्रेसची एक शिफ्ट घेऊ. नियोजित वेळ ४५० मिनिटं, थांबे १२. त्यातल्या ९ थांब्यांचा वेळ नोंदलेला आहे. त्यांची बेरीज ७२ मिनिटं, सरासरी ८ आणि मध्यक ५. उरलेल्या ३ थांब्यांची सुरुवात आहे, शेवट नाही.

कोरं आहे तसं सोडलं तर अव्हेलेबिलिटी, म्हणजे नियोजित वेळेपैकी मशीन चाललेल्या वेळेचा वाटा, ८४ टक्के येते. एक्सेलचं `AVERAGE` कोरे सेल वगळतं, त्यामुळे सरासरी थांबा ८ मिनिटांचाच राहतो आणि सगळं ठीक वाटतं. बेरजेत मात्र ते ३ थांबे शून्य मिनिटांचे झालेले असतात. कोणी खरोखरच ० टाकला तर सरासरीही ६ वर घसरते. हे दोन्ही पर्याय मी बाजूला ठेवतो. जी मशीन कमी नोंदी ठेवते तीच कागदावर चांगली दिसते, यापलीकडे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सरासरी भरली (३ × ८ = २४) तर एकूण थांबा ९६ मिनिटं आणि अव्हेलेबिलिटी ७८.७ टक्के. मध्यक भरला तर ८७ मिनिटं आणि ८०.७ टक्के. एखादाच २८ मिनिटांचा थांबा सरासरी वर ओढतो म्हणून मध्यक बरा, असं बरेचजण म्हणतात. एक नेहमीचा थांबा कसा असतो हे सांगायचं असेल तर ते बरोबर आहे. पण अव्हेलेबिलिटी बेरजेवर चालते. थांब्यांच्या वेळांत बारीक बारीक पुष्कळ आणि मोठे थोडे असतात. अशा ठिकाणी मध्यकानं भरलेली बेरीज जवळजवळ नेहमी कमीच भरते.

दोन्हींमागे एक गृहीत दडलेलं आहे: कोरे राहिलेले थांबे नोंदलेल्या थांब्यांसारखेच असतात. ते तसे नसतात. चार मिनिटांचा जॅम काढणारा ऑपरेटर तिथेच उभा असतो, म्हणून शेवटची वेळ लिहिली जाते. मोठ्या ब्रेकडाउनमध्ये मशीन मेन्टेनन्सच्या ताब्यात जाते, मध्येच शिफ्ट बदलते, आणि सुरू करणारा माणूस थांबा लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. म्हणजे कोरं राहण्याची शक्यता थांब्याच्या लांबीबरोबर वाढते. नोंदलेल्यांची सरासरी तिथे भरणं म्हणजे मोठ्या थांब्यांना छोट्यांचं माप लावणं.

तिसरा पर्याय काउंटरचा. शेवट कोरा असला तरी पुढच्या नोंदीची वेळ माहीत असते. ती नसेल तर शिफ्ट संपण्याची. या मधल्या फटीत किती नग पडले ते काउंटर सांगतो. नग गुणिले चालू सायकल टाइम, म्हणजे एका नगाला प्रत्यक्ष लागणारा वेळ, केलं की मशीन चाललेला वेळ मिळतो, आणि उरला तो थांबा. आपल्या प्रेसचा चालू सायकल टाइम ३३ सेकंद आहे. पहिली फट १४ मिनिटांची, नग १८: मशीन सुमारे १० मिनिटं चालली, थांबा ४. दुसरी फट ३५ मिनिटांची, नग १६: चालली सुमारे ९, थांबा २६. तिसरी फट शिफ्ट संपेपर्यंत ४० मिनिटांची आणि नग शून्य: पूर्ण ४० थांबा. तिन्ही मिळून ७०. एकूण १४२ मिनिटं, अव्हेलेबिलिटी ६८.४ टक्के. सरासरीच्या भरणीपेक्षा दहा टक्क्यांनी खाली.

माझा कौल ज्यामुळे फिरला ती कटकट मात्र अव्हेलेबिलिटीच्या आकड्याची नाही, शेजारच्या रकान्याची आहे. या शिफ्टमध्ये एकूण ५६० नग पडले आणि आदर्श सायकल ३० सेकंदांची, म्हणजे २८० मिनिटांचं काम. कोरं सोडलं तर मशीन ३७८ मिनिटं चालली असं दिसतं आणि परफॉर्मन्स ७४ टक्के येतो. सरासरी भरली तर ७९. काउंटरनं भरलं तर ९१. अव्हेलेबिलिटी आणि परफॉर्मन्सचा गुणाकार तिन्ही वेळा तोच, ६२.२ टक्के, कारण चाललेला वेळ गुणाकारात कटून जातो. त्या गुणाकारावर उभी असलेली ओईई, म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता, हलत नाही म्हणून चूक कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. हरवलेली मिनिटं गुपचूप ‘मशीन हळू चालते’ या खात्यात जमा होतात. मग मशीन उभी होती त्या वेळेसाठी सगळे फीड आणि स्पीड तपासत बसतात. हे दर महिन्याला होतं आणि दर महिन्याला काहीच सापडत नाही.

पायथनच्या पांडाजमध्ये हे चार ओळींत बसतं. `next_event` मध्ये पुढच्या थांब्याची सुरुवात किंवा शिफ्टचा शेवट, यातली आधीची वेळ असावी. `cycle_min` मिनिटांत, म्हणजे इथे ०.५५.

```python
gap = (df["next_event"] - df["start"]).dt.total_seconds() / 60
est = (gap - df["pieces"] * cycle_min).clip(lower=0)
df["is_est"] = df["duration"].isna()
df["duration"] = df["duration"].fillna(est)
```

बेरीज करताना `sum(min_count=1)` वापरा. नाहीतर ज्या मशीनच्या सगळ्याच नोंदी कोऱ्या आहेत तिचा डाउनटाइम ० छापला जातो, आणि ती यादीत सर्वांत वर जाऊन बसते.

या पद्धतीच्याही खोड्या आहेत. सायकल टाइम आदर्श घेऊ नका, त्याच शिफ्टमधल्या सलग चालू काळातला मध्यक घ्या. आदर्श घेतला तर हळू चाललेला वेळही थांब्यात मोजला जातो आणि चूक उलट्या दिशेनं होते. फटीत जेवणाची सुट्टी आली असेल तर ती आधी वजा करा. एका स्ट्रोकला चार नग पडत असतील तर स्ट्रोक मोजा. `clip` लावण्याआधी `est` मध्ये उणे आकडे किती आहेत ते बघा: एखाद-दुसरा चालेल, रांगच दिसली तर लॉगचं आणि काउंटरचं घड्याळ जुळत नाही किंवा रिकामे स्ट्रोकही मोजले जात आहेत. भरल्यानंतर परफॉर्मन्स शंभरच्या वर गेला तर थांबा जास्त भरला गेलाय, नाहीतर आदर्श सायकलच चुकीची आहे.

तिसऱ्या थांब्याची गोष्ट थोडी वेगळी. ४० मिनिटं या शिफ्टच्या अव्हेलेबिलिटीसाठी बरोबर आहेत, पण ब्रेकडाउन पुढच्या शिफ्टमध्येही चालू राहिलं. दुरुस्तीचा सरासरी वेळ काढताना दोन्ही तुकडे जोडून एकच थांबा धरावा लागतो. तसं न केल्यास एका लांब ब्रेकडाउनचे दोन मध्यम होतात आणि सरासरी खाली येते.

मशीनला काउंटरच नसेल तर? तर सरासरी भरण्यापेक्षा मी पट्टा छापणं पसंत करेन: कोरे थांबे शून्य धरून ८४ टक्के, पूर्ण फट थांबा धरून (१४ + ३५ + ४० = ८९) ६४.२ टक्के. पट्टा रुंद आहे हे खरं, पण माहिती तेवढीच होती. कोरे रकाने शेकड्यात एक-दोनच असतील आणि ते शिफ्टच्या शेवटी साचलेले नसतील, तर त्याच कारणाच्या थांब्यांची सरासरी भरून काम भागेल; तिथे काउंटर जुळवत बसणं कदाचित मेहनतीच्या मानानं जास्त होईल.

आणि `is_est` हा रकाना पुसू नका. अव्हेलेबिलिटीखाली एक ओळ पुरते: ‘१४२ पैकी ७० मिनिटं अंदाजे’. थांब्याच्या कारणांच्या पॅरेटो आलेखामध्ये ही ७० मिनिटं नोंदलेल्या कारणाखालीच ठेवा, कारणही कोरं असेल तर ‘कारण नोंदलेलं नाही’ असा वेगळा खांब उभा करा. बहुतेक महिने तोच खांब सर्वांत उंच निघेल.