सहामाही प्रगती अहवाल: 'सगळं सुरळीत' वाला ड्राफ्ट द्यायचा की वेगळा मांडलेला?

पीएचडीचा सहामाही रिपोर्ट आरएसीसमोर, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसमोर, ठेवायची वेळ आली की दोन ड्राफ्ट डोळ्यासमोर असतात, एक सगळे लिहितात तो आणि एक खरा. माझे दोन्ही लिहून झाले होते, म्हणून शेजारी शेजारी ठेवून सांगते, तुम्हाला ठरवायला बरं पडेल.

विषय विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट आणि फ्लोराइड. 48 विहिरी, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा सॅम्पल घ्यायचे.

पहिल्या ड्राफ्टमध्ये मी लिहिलं होतं, "दोन्ही हंगामांचे सॅम्पलिंग जवळपास पूर्ण, विश्लेषण प्रगतीपथावर, तांत्रिक अडचणींमुळे किंचित विलंब." यात खोटं एकही वाक्य नाही, आणि तरी वाचणाऱ्याला खरं काहीच कळत नाही. गाइडची सही पाच मिनिटांत मिळते हा त्याचा फायदा, तो नाकारत नाही.

दुसऱ्यात 'झालेलं काम' या शीर्षकाखाली फक्त आज मागितलं तर फाइल उघडून दाखवता येईल तेवढंच घेतलं. पावसाळ्याआधीच्या 48 पैकी 44. उरलेल्या 4 मध्ये चार्ज बॅलन्स 10 टक्क्यांच्या बाहेर जात होता, म्हणजे पाण्यातल्या धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळायला हवी ती जुळत नव्हती, मोजण्यात कुठेतरी चूक आहे, मग ते 'झालेलं' कसं म्हणायचं. पावसाळ्यानंतरच्या 48 पैकी 36 विहिरींचे सॅम्पल घेतले, त्यांचं फ्लोराइड झालं. नायट्रेट शून्य.

हा शून्य लिहिताना हात थांबला होता खरं सांगते. झालं असं की सॅम्पल आणले आणि हे आयन मोजायचं मशीन, आयन क्रोमॅटोग्राफ, तीन आठवडे बंद पडलं. फ्लोराइड 28 दिवस टिकतं, पण नायट्रेट 4 डिग्रीला ठेवूनही 48 तासांत मोजावं लागतं, नंतर जंतूंमुळे आकडा बदलू शकतो. मशीन सुरू झाल्यावर मी मोजलं, आकडे आलेही, पण ते त्या विहिरीच्या पाण्याचे म्हणून छापता येणार नाहीत. पहिल्या ड्राफ्टमधला 'किंचित विलंब' इथेच फसतो, कारण तीन आठवडे उशीर म्हणजे काम फक्त तीन आठवडे लांबलं असं नाही, पावसानंतरचं पाणी पुढच्या ऑक्टोबरशिवाय मिळत नाही, म्हणजे अख्खं वर्ष.

आणि उशिराच्या शीर्षकाखाली मी दोन कारणं वेगळी लिहिली. मशीन बंद, हे माझ्या हातात नव्हतं. पण 12 विहिरी राहिल्या त्या माझ्यामुळे, दिवाळीनंतर फील्डला उशिरा निघाले आणि तोवर रब्बीचा उपसा सुरू झाला होता, त्यामुळे बाकीच्या 36 शी तुलना करण्यासारखी पातळीच उरली नाही. दोन्ही 'तांत्रिक अडचणी'त टाकलं असतं तर कमिटीने उपाय म्हणून फक्त मशीनचंच बघितलं असतं.

सुधारित प्लॅनमध्ये तारखांसोबत पद्धतही बदलावी लागली. पुढच्या ऑक्टोबरमध्ये सगळ्या 48 विहिरी परत, पण एका फेरीत 12 च, म्हणजे बर्फाच्या पेटीतून आणून दोन दिवसांत मोजून होतील. तोवर पावसाळ्याआधीच्या डेटाचा चॅप्टर. आयसोटोपचं काम काढून टाकलं, ते स्पष्ट लिहिलं. सबमिशन डिसेंबरऐवजी पुढच्या जूनला.

भीती एकच असते, शेरा 'असमाधानकारक' आला तर? यूजीसीच्या 2022 च्या नियमात असं आहे की प्रगती असमाधानकारक वाटली तर आरएसीने कारणं नोंदवून सुधारणेचे उपाय सुचवायचे, आणि ते स्कॉलरने केले नाहीत तरच नोंदणी रद्द करायची शिफारस होऊ शकते. म्हणजे उपाय कशावर सुचवले जातात ते फार महत्त्वाचं, आणि ते तुमच्या रिपोर्टवरूनच ठरतं. शिवाय सहा वर्षांची मुदत संपत आल्यावर री-रजिस्ट्रेशन मागायची वेळ आली तर त्या वेळचा उशीर त्या वेळच्या रिपोर्टमध्ये नोंदलेला असणं आणि शेवटी आठवून लिहिणं यात खूप फरक पडतो.

पहिला ड्राफ्ट कधी चालेल? खरोखर काही अडकलेलं नसेल तेव्हा, किंवा फॉर्ममध्ये चार ओळींचाच रकाना असेल तेव्हा, आणि तेव्हाही मी वेगळं पान जोडेन. गाइडना मात्र आधी तोंडी सांगा, मीटिंगमध्ये त्यांना पहिल्यांदा कळू देऊ नका, माझे सर सुरुवातीला म्हणाले की शून्य कशाला लिहितेस, मग 48 तासांचं दाखवल्यावर सही केली.

मीटिंगमध्ये एका मॅडमनी एवढंच विचारलं, "ऑक्टोबरात मशीन परत बंद पडलं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या डिपार्टमेंटच्या लॅबशी आधीच बोलून ठेवायचं असं त्यांनी मिनिट्समध्ये लिहून घेतलं, आणि त्या लॅबचा स्लॉट मला गेल्या आठवड्यात मिळाला.